पहिल्या मेलमध्ये सँपल जोडायचं, की नुसतं लिहून विचारायचं?

लहान धंदेवाल्याला पहिला मेल पाठवताना डिझायनरपुढे खरं तर दोनच रस्ते असतात. एक म्हणजे त्याचं लेबल, मेन्यूकार्ड, बोर्ड जे काय असेल ते आपल्या मनाने नवीन करून मेलला जोडायचं, बघा असं दिसू शकेल म्हणून. दुसरा म्हणजे काहीच न करता त्याची एक अडचण नीट शब्दांत मांडायची आणि अमुक एवढं काम एवढ्या पैशात करून देतो असं सांगायचं. तिसरा प्रकारही आहे, पोर्टफोलिओची लिंक आणि "तुमच्या सर्व डिझाईनच्या गरजांसाठी संपर्क साधा", पण त्याबद्दल काय बोलणार, तो मेल देवगडच्या आंबेवाल्याला जसाच्या तसा जातो आणि गुहागरच्या होमस्टेवाल्यालाही जसाच्या तसाच जातो, आणि दोघंही तो वाचत नाहीत. म्हणून तो बाजूला ठेवतो.

मी दोन्ही रस्ते वापरलेत. मुख्य काम खाण्याच्या वस्तूंच्या लेबलांचं, म्हणजे कोकम, आंबापोळी, काजू, फणसाचे गरे, लोणची वगैरे, त्यामुळे जे लिहितोय ते त्याच अनुभवातून आहे. तुमचं काम वेबसाईटचं असेल तर थोडं वेगळं असू शकेल.

सँपलच्या बाजूने आधी बोलतो कारण बाजू मजबूत आहे. लहान गावातल्या माणसाला "व्हिज्युअल हायरार्की" सांगून काही कळत नाही, चित्र दाखवलं की पाच सेकंदात कळतं. शिवाय तुम्ही खरंच मेहनत घेतलीय हे दिसतं. नवीन असाल, दाखवायला जुनं काम नसेल, तर सँपल हाच पोर्टफोलिओ. आणि उत्तर पटकन येतं हे मान्य करायलाच हवं, सँपलवाल्या मेलला उत्तर येण्याचं प्रमाण मला तरी जास्त वाटलं, मोजलेलं नाही पण वाटलं.

घोळ त्या उत्तरात काय येतं त्याच्यात आहे. आणि हा घोळ कळायला आपल्याकडे मेल नेमका कोण वाचतो ते बघावं लागतं.

कोकणातल्या घरगुती उत्पादनाच्या बाटलीवर जो मेल आयडी छापलेला असतो तो बहुतेक वेळा धंदा चालवणाऱ्याचा नसतोच. तो असतो मुंबईत किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा, नाहीतर पुतण्याचा. लायसन्सचा ऑनलाईन फॉर्म त्याने भरलेला असतो म्हणून तिथे त्याचा आयडी, आणि लेबल छापताना तोच खाली आलेला. तुमचा मेल तो उघडतो, लोकलमध्ये उभ्या उभ्या, आणि निर्णय त्याचा नसल्यामुळे पुढे पाठवतो. पुढे म्हणजे मेल नाही, व्हॉट्सॲपवर, घरच्या ग्रुपवर. आता तुम्ही जर चित्र जोडलेलं असेल तर तो काय पाठवणार? चित्रच पाठवणार. मेलमधे तुम्ही जे तीन परिच्छेद जीव ओतून लिहिलेत, की गिऱ्हाईक कुठे अडतंय, हे असं का केलंय, ते सगळं मेलमधेच राहतं आणि कुडाळजवळच्या वाडीत काकांच्या फोनवर पोचतं ते नुसतं एक लाल लेबल. काका चष्मा लावतात, बघतात, आणि म्हणतात, "रंग बरो दिसना नाय, जरा भडक वाटता." काकी म्हणतात आधीचा गणपतीचा फोटो का काढला. पुतण्या ते इमानदारीने तुम्हाला कळवतो. म्हणजे उत्तर आलं, आणि काम मिळण्याआधीच तुम्ही रंगाच्या चर्चेत अडकलात, जिची ना फी ठरलीय ना हद्द.

माझ्यापुरतं सांगायचं तर सँपल सोडायला हे एकच कारण पुरलं. फुकट काम जातं, डिझाईन ढापलं जाईल वगैरे भीती लोक सांगतात, ती खोटी नाही, पण मला तिचा तेवढा त्रास नाही. सँपल असं खड्ड्यात जातं की तुमचं म्हणणं मागे राहतं आणि आवडीनिवडी पुढे जातात, त्याचा त्रास जास्त. आवडीवर वाद घालून कोणी जिंकत नाही, आणि काकांच्या घरच्या ग्रुपवर तर नाहीच नाही.

आता लिहून पाठवायचा मेल कसा असतो ते प्रत्यक्षच दाखवतो, नाहीतर नुसतं "अडचण समजून घ्या" म्हणणं सोपं आहे. आगळ आणि कोकम सरबत हे उदाहरण घेऊ. इकडच्याला सांगायला नको, आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस, सोलकढीसाठी, आणि सरबताचं सिरप साखरेतलं. पण दोन्ही बाटलीत भरले की रंग जवळजवळ सारखाच, काळपट लाल. बऱ्याच घरगुती ब्रँडची बाटली एकच, लेबलही एकच, फक्त मधली एक ओळ बदललेली. मालवणच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारात आलेला पुण्याचा पर्यटक ते सरबत समजून आगळ उचलतो, हॉटेलवर जाऊन गार पाण्यात घालतो आणि तोंड वाकडं करतो. दुकानदार मग काय करतो, तर आगळाच्या बुचावर मार्करने "खारट" लिहून ठेवतो.

ते मार्करने लिहिलेलं बूच बघितलं ना, की समजायचं मेल तयार आहे. कारण ती अडचण तुमच्या डोक्यातून आलेली नाही, दुकानदाराने स्वतः पेन घेऊन लेबलची दुरुस्ती केलीय. "तुमचं लेबल जुनाट वाटतं" हे तुमचं मत झालं आणि ते ऐकून माणूस दुखावतो, बहुतेक वेळा ते लेबल भाच्याने किंवा प्रिंटिंग प्रेसवाल्या मित्रानेच केलेलं असतं. "दुकानदाराला बुचावर लिहावं लागतंय" हे मत नाही, ते जाऊन बघता येतं. काकांनाही ते आधीपासून माहीत असतं फक्त ते लेबलमुळे होतंय असं कोणी त्यांना म्हटलेलं नसतं.

तर मेल साधारण असा:

विषय: आगळ आणि सरबताच्या बाटल्यांची गल्लत

> नमस्कार,
>
> मी कुडाळला राहतो, खाण्याच्या वस्तूंची लेबलं डिझाईन करतो. गेल्या आठवड्यात मालवणच्या बाजारात तुमचं आगळ आणि सरबत दोन्ही घेतलं. आगळाच्या बुचावर दुकानदाराने मार्करने "खारट" लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, पर्यटक सरबत समजून आगळ नेतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन येतात. बाटली एकच, आतला रंग सारखा, आणि लेबलवरचा फरक हातभर लांबून दिसत नाही. तुमच्याकडे अशी तक्रार येत नसेल तर हा मेल सोडून द्या.
>
> येत असेल तर मी दोन्हींची लेबलं अशी करून देईन की शेल्फवर लांबूनच कळेल सोलकढीचं कुठलं आणि सरबताचं कुठलं. तुमचं नाव आणि गणपती आहे तसाच राहील. छापून ठेवलेली जुनी लेबलं टाकायची नाहीत, त्यांच्यासाठी बाटलीच्या मानेवर लावायचा एक छोटा स्टिकर याच पैशात करून देतो.
>
> खर्च ८,५०० रुपये, निम्मे सुरुवातीला, निम्मे छपाईची फाईल दिल्यावर. बाटल्या मिळाल्यापासून ८ दिवसांत पहिलं डिझाईन, त्यानंतर दोनदा बदल. छपाईचा खर्च यात नाही, तुमच्या नेहमीच्या प्रेसला चालेल अशी फाईल देईन.
>
> चालणार असेल तर फक्त "हो" कळवा, बाटल्या न्यायला मी येतो.

खाली नाव आणि फोन नंबर, बास. आकडा मी उदाहरणादाखल टाकलाय, तुमच्या गावात आणि तुमच्या हाताला जो परवडेल तो टाका.

यात कुठेही चित्र नाही. पुतण्याला पुढे पाठवायचं तर मजकूरच कॉपी करावा लागतो, किंवा रात्री काकांना फोन करून वाचून दाखवावा लागतो, आणि फोनवर वाचून दाखवल्यावर काका काय म्हणतील? रंगावर काही बोलूच शकत नाहीत. ते म्हणतात, "होय रे, तो मालवणचो पण सांगी होतो." आणि मग पुढचा प्रश्न पैशाचा येतो, जो यायलाच हवा. मी तर मेल लिहून झाला की मोठ्याने वाचून बघतो, फोनवर ऐकणाऱ्याला एका दमात कळला नाही तर कापतो.

विषयाच्या ओळीत "डिझाईन" हा शब्द मुद्दाम टाकत नाही. फोनवर विषयाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, तिथे "डिझाईन सेवेबाबत" दिसलं की जाहिरात समजून पुढे सरकतात. "आगळ आणि सरबताच्या बाटल्यांची" एवढं जरी दिसलं तरी वाटतं गिऱ्हाईकाची तक्रार आहे की काय, आणि तक्रार प्रत्येकजण उघडतो. अर्थात आत खरंच त्याच गोष्टीबद्दल असायला हवं, नाहीतर फसवल्यासारखं होईल.

जुन्या लेबलांचं वाक्य छोटं दिसतं पण ते मेलमधलं सगळ्यात कामाचं आहे असं माझं मत. स्टिकर लेबल कमी छापलं तर एकेक महाग पडतं म्हणून लोक एकदम हजारोंनी छापून ठेवतात, पोत्यात भरून माळ्यावर. त्यामुळे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं तरी उत्तर येतं "आधीची संपू देत मग बघू", आणि ती संपायला दोन सिझन जातात. हे उत्तर येणार हे माहीत असेल तर ते मेलमधेच सोडवून टाकायचं. मानेवरचा छोटा स्टिकर लगेच लावता येतो, फक्त तो खालच्या लेबलवरची वजन, एमआरपी, तारीख, लायसन्स नंबर अशी सक्तीची माहिती झाकणार नाही एवढं बघायचं. सँपल पाठवणारा हे सहसा बघत नाही, कारण त्याच्या डोक्यात नवीन लेबल असतं आणि काकांच्या डोक्यात माळ्यावरचं पोतं.

सँपलची अजून एक अडचण आहे, ती तांत्रिक आहे पण सांगतोच. ते आपण करतो ऑनलाईन फोटोवरून. बाटली हातात नसते, घेर माहीत नसतो. गोल बाटलीवर समोरून बघणाऱ्याला लेबलच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्साच नीट दिसतो, बाकीचं बाजूला वळतं. स्क्रीनवर सपाट ठेवलेलं आडवं लेबल मस्त दिसतं आणि बाटलीला गुंडाळलं की "कोकम आगळ" मधलं "कोक" एका बाजूला आणि "गळ" दुसऱ्या बाजूला जातं. शिवाय मागच्या बाजूला काय काय मावायला हवं ते बघा, घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, हिरवा ठिपका, १४ आकडी एफएसएसएआय नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन, आणि बॅच नंबर, तारीख, एमआरपीसाठी मोकळी जागा कारण त्या दर खेपेला शिक्क्याने नाहीतर छोट्या मशीनने मारतात. फुकटच्या सँपलमधे हे सगळं कोणी मांडत बसत नाही, साहजिकच आहे. मग काम मिळाल्यावर ती माहिती घातली की समोरची मोकळी जागा जाते आणि काका म्हणतात पाठवलेलं तर छान होतं, हे असं का झालं. आपणच दाखवलेल्या गोष्टीशी आपली तुलना.

लिहून पाठवण्यात काय वाईट आहे तेही बघू, सगळं एकतर्फी नको.

पहिलं म्हणजे वेळ जातो, आणि तो दिसत नाही. सँपल घरी बसून करता येतं. अडचण शोधायला बाजारात जावं लागतं, वस्तू विकत घ्यावी लागते, दुकानदाराशी बोलावं लागतं, आणि कधी कधी अडचण सापडतच नाही. लेबल कुरूप असतं पण माल चालतो, सगळे गिऱ्हाईक ओळखीचे, मग काय लिहिणार? तिथे मी मेल पाठवत नाही. ज्याला महिन्याला बरेच मेल पाठवायचेत त्याला हे परवडणार नाही कदाचित.

दुसरं, तुमची मराठी बरी हवी. म्हणजे शुद्ध नको, स्वच्छ हवी. बरेच चांगले डिझायनर लिहायला बसले की एकदम "आपल्या व्यवसायाच्या वृद्धीसाठी" वर जातात, त्यापेक्षा चित्र बरं.

तिसरं, किंमत पहिल्याच मेलमधे लिहायची की नाही यावर लोकांचं मत वेगळं आहे. किंमत बघून माणूस पळतो असं म्हणतात, आणि काहीजण पळतातही. पण "बजेट काय आहे" विचारलं तर इकडे उत्तर येत नाही, कारण बजेट असं काही नसतंच, प्रेसवाला डिझाईन छपाईत फुकट करून देतो हा त्यांचा हिशोब. त्या फुकटासमोर तुमचा आकडा कधीतरी येणारच, मग तो अडचणीच्या शेजारी बसलेला असताना आलेला बरा, परत आलेल्या बाटल्यांच्या शेजारी. तीन पॅकेज मात्र देऊ नका, बेसिक-स्टँडर्ड-प्रीमियम वगैरे. तीन आकडे बघितले की निर्णय घरच्यांना विचारून घ्यायचा होतो आणि घरचे गणपतीला भेटतात.

वेळेवरून आठवलं. कोकमाच्या लोकांना एप्रिल-मेमधे कोणताही मेल पाठवू नका, सँपल असो की काही असो, फळं पावसाआधी उतरवायची घाई असते. आंबेवाल्यांचं तर विचारूच नका. गणपतीच्या आठवड्यातही नको. गणपती गेले की दिवाळीच्या पर्यटकांपर्यंत जो मोकळा काळ असतो तो मला सगळ्यात बरा वाटतो, माल भरलेला असतो, विक्री समोर असते आणि माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो.

सँपल कुठे पाठवावं असं मला अजूनही वाटतं? जिथे मेल वाचणारा आणि ठरवणारा एकच आहे तिथे. तारकर्लीचा होमस्टे, जो नवरा-बायको स्वतः चालवतात, बुकिंगचे मेल स्वतः बघतात, त्यांना मेन्यूकार्डचं एक पान करून पाठवलं तर चालतं, तिथे मधे कोणी पुतण्या नाही. मेन्यूकार्ड सपाट असतं, बाटलीचा घेर वगैरे भानगड नाही, आणि सक्तीची माहितीही फारशी नाही. तिथेही मी पूर्ण कार्ड करणार नाही, फक्त थाळ्यांचा भाग, जिथे "सुरमई थाळी" आणि "स्पेशल सुरमई थाळी" यात फरक काय ते कुठेच लिहिलेलं नसतं आणि प्रत्येक टेबलाला वहिनींना तेच समजवावं लागतं. म्हणजे बघा, तिथेही चित्राच्या आत अडचणच घालावी लागते. आणि चित्र पाठवायचंच तर मुख्य वाक्य चित्रावरच लिहा, वर एका पट्टीत, म्हणजे ते फॉरवर्ड झालं तरी तुमचं म्हणणं सोबत जाईल. ही युक्ती मला उशिरा सुचली, पण चालते.

अगदीच नवीन असाल आणि कोणी विचारलं "आधी काय केलंय दाखवा", तर? हा प्रश्न लिहिलेल्या मेललाही येतोच. तेव्हा एकच काम पाठवा, त्याच प्रकारचं, बाटलीवर लावलेल्या खऱ्या फोटोसकट. पंधरा कामांची लिंक पाठवलीत तर त्यातलं लग्नपत्रिकेचं काम त्यांना आवडेल आणि चर्चा तिकडे जाईल, मुलीचं लग्न असतंच कोणाच्या तरी घरात.

उत्तर नाही आलं तर आठवडा-दहा दिवसांनी एकदा फोन करतो, मेलवर मेल टाकत नाही. फोनवर "माझा मेल मिळाला का" असं न विचारता "ते आगळाच्या बाटल्यांचं लिहिलं होतं" असं म्हटलं की पलीकडून बहुतेक वेळा "हां हां, ते तुम्ही काय" येतं. सँपल पाठवलेल्या ठिकाणी फोन केला की मात्र "हां ते लाल रंगाचं ना, आम्ही सांगतो विचार करून" असं ऐकू येतं, आणि ते विचार करून काही सांगत नाहीत.

आणि सँपल आधीच करून बसला असाल तर ते फेकू नका. मेलला जोडू नका एवढंच. "हो" आलं, बाटल्या आणायला गेलात, की प्रिंट काढून त्यांच्याच बाटलीला तिथल्या तिथे गुंडाळून दाखवा, शेजारी जुनी बाटली ठेवून, काका आणि काकी दोघं समोर असताना. तेव्हा ते रंगावर बोलले तरी हरकत नाही, ॲडव्हान्स आलेला असतो आणि दोन बदल ठरलेले असतात.